दूध की साखर? चेहऱ्यावर मोजलेले चाळीस रविवार

पहिल्यांदा मी सगळंच सोडलं होतं. दूध, दही, तूप, साखर, गहू, तळलेलं, सगळं एकदम. एका रीलमध्ये एकवीस दिवसांत नितळ झालेला चेहरा दाखवला होता आणि माझ्या हनुवटीवर त्या आठवड्यात पाच पिकलेले फोड ठसठसत होते. बाराव्या दिवशी चेहरा खरंच बरा दिसायला लागला. पंधराव्या दिवशी मी ऑफिसात दोघीतिघींना सांगून मोकळी झाले की दुधानंच सगळं होतं. चोविसाव्या दिवशी हनुवटी पुन्हा जिथल्या तिथं. तोवर मी दुधाचा थेंबही घेतलेला नव्हता.

आता वळून बघितलं तर त्या एकवीस दिवसांत चुकायला जागाच उरली नव्हती, इतक्या चुका केल्या होत्या. सुरुवात केली ती चेहरा सगळ्यात वाईट असताना. फोड येतात तसे बसतातही, त्यामुळे सगळ्यात वाईट दिवसानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी पुढचे दिवस बरेच दिसणार. त्यात पाळीच्या आधी माझी हनुवटी दर महिन्याला उठते आणि पाळी झाली की शांत होते. माझा बारावा दिवस बरोबर त्या शांततेत पडला होता. शिवाय त्याच आठवड्यात मी फेसवॉशही बदलला होता. आणि सहा गोष्टी एकदम सोडल्यावर फरक पडलाच असता, तरी तो कशानं पडला हे मला कुणी सांगितलं असतं?

मी कोल्हापूरची, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. वय सत्तावीस. आमच्याकडे दूध सोडते म्हणणं म्हणजे घरात बंड पुकारल्यासारखं आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध प्यायची पद्धत आहे आणि माझे बाबा अजून आठवड्यातून दोनदा तिथं जातात. आईचं मत असं, की पिंपल्स उष्णतेनं येतात, म्हणून दूध जास्त प्यावं. आजीचं मत, साय काढून प्यावं. भाऊ जिमला जातो, त्याचं मत, प्रोटीन कमी पडतंय. सगळ्यांचं ऐकून मी शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे माझी आधीपासून ॲडापलीन जेल चालू होती, चौदा महिने झाले होते, आणि फरक पडायचा तेवढा पडून गाडी एका जागी थांबली होती.

डॉक्टर बाईंनी आधी मलाच प्रश्न विचारले. पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर राठ केस वाढलेत का, वजन एकदम वाढलं का. पीसीओएसची शंका असती, तर आहाराचे खेळ करत बसण्याआधी तपासण्या कराव्या लागल्या असत्या. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून गोरेपणाची क्रीम आणून लावते का, हेही विचारलं. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, ते लावताना चेहरा छान दिसतो आणि बंद केलं की भडकतो. माझं यातलं काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "करून बघायचंय ना? बघा. पण जेल थांबवू नका, नवीन काही लावू नका, आणि आधी दोन महिने काहीच न बदलता नुसते फोड मोजा."

काहीच न बदलता दोन महिने! मला ते वेळ घालवल्यासारखं वाटलं. पुढे कळलं, की सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच दोन महिन्यांनी.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली. दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी, पूर्वेच्या खिडकीपाशी, त्याच खुर्चीवर बसून मोजायचं. चेहऱ्याचे चार भाग केले: कपाळ, दोन गाल, आणि नाक-हनुवटी मिळून एक. लाल किंवा पिकलेले फोड वेगळे मोजायचे, ब्लॅकहेड आणि पांढरे दाणे वेगळे. उरलेले काळे डाग मोजायचे नाहीत, कारण ते जुन्या फोडांचे असतात आणि महिनोन्‌महिने राहतात. मग मोबाइलवर समोरून, डावीकडून आणि उजवीकडून असे तीन फोटो. फ्लॅश बंद, ब्यूटी मोड बंद. वहीत वजन आणि पाळीची तारीखही लिहायची.

त्या आठ रविवारचे लाल फोड असे निघाले: १४, ११, ९, १७, १३, १०, ८, १६. सरासरी सव्वाबारा. या आकड्यांकडे बघितलं आणि माझी एकवीस दिवसांची सगळी हुशारी उतरली. काहीही न बदलता माझा चेहरा आठापासून सतरापर्यंत झुलतो! सतराच्या आठवड्यात मी दूध सोडलं असतं, तर तीन आठवड्यांनी आठ मोजून पेढे वाटले असते. म्हणून एक नियम मी तिथंच ठरवला. एका रविवारची दुसऱ्या रविवारशी तुलना करायची नाही. पाळीची दोन पूर्ण चक्रं, म्हणजे आठ आठवडे, आणि त्यांची सरासरी. तुलना फक्त सरासरीची.

दुसरा नियम डॉक्टरांचा. कोणताही बदल बारा आठवडे, आणि त्यातले पहिले चार मोजायचे, पण हिशोबात धरायचे नाहीत. कारण आज जो फोड दिसतो तो आज तयार झालेला नसतो. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल यांची बारीक गुठळी आधी बसते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचा फोड व्हायला कित्येक आठवडे जातात. म्हणजे रविवारी केक खाऊन मंगळवारी आलेला फोड त्या केकचा नसण्याचीच शक्यता जास्त. मला हे पटायला जड गेलं, कारण "काल चॉकलेट खाल्लं, आज आलाच" हे वाक्य मी शाळेपासून म्हणत आले होते.

चॉकलेटची गोष्ट निघालीच आहे तर सांगते. आहाराचा आणि मुरुमांचा काही संबंध नाही असं डॉक्टर कित्येक वर्षं सांगत आले, त्यामागे १९६९ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग होता. पासष्ट जणांना काही आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली आणि काही आठवडे चॉकलेट नसलेली, पण दिसायला तशीच वडी. फोडांत फरक पडला नाही. गोम अशी, की त्या दुसऱ्या वडीत साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. कोकोचा दोष नाही एवढं त्यातून फार तर म्हणता आलं असतं. साखरेची तपासणी त्यात झालीच नव्हती, तरी निकाल सगळ्या खाण्याला लावला गेला.

साखरेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम प्रयोग २००७ साली छापून आला, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालेला. मुरुमं असलेली पंधरा ते पंचवीस वयाची त्रेचाळीस मुलं घेतली. निम्म्यांना बारा आठवडे असं जेवण, की ज्यानं रक्तातली साखर हळूहळू चढेल: प्रथिनं जास्त, मैदा-साखर कमी. बाकीच्यांना नेहमीचं, कर्बोदकांवर भर असलेलं जेवण. बदललेल्या गटात फोड सरासरी साडेतेवीसनं कमी झाले. हे वाचून मी उडालेच. पण पुढच्याच ओळीत होतं की ज्यांनी जेवण बदललं नव्हतं त्यांचेही बारानं कमी झाले होते. म्हणजे जी घट दिसली त्यातली अर्धी नुसती वेळ जाण्यानं, लक्ष दिलं जाण्यानं, नीट चेहरा धुण्यानं आलेली. शिवाय बदललेल्या गटाचं वजनही सुमारे तीन किलोनं उतरलं होतं, त्यामुळे गुण साखरेचा की वजनाचा हे वेगळं काढणं अवघड. माझ्याकडे तर दुसरा गटच नाही, मी एकटी. माझी घट पाव-अर्धी निघाली तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मी या ओळीवरून ठरवलं.

साखर आणि फोड यांच्यामध्ये दुवा मानला जातो तो इन्सुलिनचा. साखर झटकन चढली की इन्सुलिन झटकन वाढतं, त्यासोबत आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या संप्रेरकाला जोर चढतो, आणि दोन्ही मिळून त्वचेतल्या तेलग्रंथींना जास्त तेल करायला आणि छिद्रातल्या पेशींना भरभर वाढायला लावतात. म्हणून प्रश्न फक्त गोडाचा राहत नाही. साबुदाण्याची खिचडी गोड नसते, पण पोटात गेल्यावर साखर व्हायला तिला फार वेळ लागत नाही.

मार्च ते मे साखरेचे बारा आठवडे. त्याआधी मी नेमकं किती खाते ते आठवडाभर लिहून काढलं. माझा समज होता, की मी गोड फारसं खात नाही. काउंटरवर दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाचा सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तरी चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. सोबत ग्लुकोजची बिस्किटं. सकाळी पोहे, शनिवारी खिचडी, रात्री भाताचे दोन उभे ढीग.

बदल असे केले. चहा दोन कप, अर्धा चमचा साखर. दूध मात्र पूर्वीइतकंच, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून चहातून कमी झालेलं दूध संध्याकाळी पेल्यातून बिनसाखरेचं प्यायचं. हे ऐकून भाऊ म्हणाला, "तू काय हिशोब तपासनीस आहेस?" आहेच मी. बिस्किटांऐवजी फुटाणे-शेंगदाणे. पोहे आठवड्यातून दोनदाच, तेही मोड आलेले मूग घालून, बाकी दिवस अंडी नाहीतर थालीपीठ. रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि भाजीसोबत रोज एखादी उसळ. गूळही साखरेतच धरला. कोल्हापुरात बसून हे बोलायला धाडस लागतं. इथला गूळ मानाचा, आणि "गुळाचं काय होत नाही गं" हे मला निदान दहा जणांनी सांगितलं. लोह-बिह थोडं जास्त असेल, पण शरीराला ती साखरच.

चुकले तिथं लिहून ठेवलं. पाडव्याला वाटीभर श्रीखंड, एप्रिलमध्ये दोन लग्नं, मे महिन्यात आमरस चार वेळा. घरात आमरसाची वाटी समोर आल्यावर संप्रेरकांवर व्याख्यान देणं मला जमलं नाही. वहीत खूण केली आणि पुढे गेले.

शेवटच्या आठ आठवड्यांचे आकडे: १०, ८, ७, १३, ९, ७, ६, १२. सरासरी नऊ. सव्वाबारावरून नऊ, म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी. पाळीआधीचा उंचवटा तसाच आला, पण सतराऐवजी तेराला थांबला. दाणे आणि ब्लॅकहेड यांत मात्र फारसा फरक नव्हता. वजन दीड किलो उतरलं होतं. आणि मेलबर्नची ती दुसरी ओळ डोळ्यांसमोर होतीच: काही न करताही कमी होतात.

म्हणून मी ते केलं, जे एकवीस दिवसांवाल्या रीलमध्ये कुणी करत नाही. पुन्हा पूर्वीसारखं खायला लागले. मुद्दाम. पाच कप चहा, दोन-दोन चमचे, बिस्किटं, भात. आई खूश. आठ आठवडे. पहिले चार आठवडे काहीच झालं नाही, आकडे १०, ९, ८, १५. पुढचे चार: १३, १०, ९, १५. आठांची सरासरी साधारण अकरा, नुसत्या शेवटच्या चारांची पावणेबारा. साखर कमी केल्यावर उतरतं आणि परत वाढवल्यावर हळूहळू चढतं, हे एकदा तरी दिसलं. नुसत्या उतरण्यापेक्षा हे परत चढणं मला जास्त बोलकं वाटलं. तरी मध्ये ऋतू बदलला होता, उन्हाळ्याचा घाम जाऊन पाऊस आला होता, तेव्हा छाती ठोकून काही म्हणणार नाही.

मग आलं दूध, आणि इथं गोष्ट वेगळ्या वळणावर गेली.

दुधाविरुद्धचा पुरावा कसा आहे हे आधी सांगते, कारण तो साखरेपेक्षा निराळ्या जातीचा आहे. २००५ साली अमेरिकेतल्या सत्तेचाळीस हजारांहून जास्त परिचारिकांचा एक अभ्यास आला. त्यांना विचारलं होतं की शाळेत असताना काय खात-पीत होता आणि तेव्हा डॉक्टरांनी मुरुमं जास्त असल्याचं निदान केलं होतं का. सगळ्यात जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये, सगळ्यात कमी पिणाऱ्यांपेक्षा, मुरुमांचं प्रमाण बावीस टक्क्यांनी जास्त निघालं. साय काढलेलं, म्हणजे स्किम्ड दूध धरलं तर चव्वेचाळीस टक्के. संबंध स्निग्धांशाशी नव्हता, उलट साय काढलेल्या दुधाशी जास्त होता, म्हणजे माझ्या आजीच्या सल्ल्याच्या बरोबर उलट! पण या बायका तोवर पस्तीस ते पन्नास वर्षांच्या झालेल्या. शाळेत दिवसाला किती पेले दूध प्यायलो हे कुणाला आठवतं? नंतर त्याच गटानं मुलामुलींना काही वर्षं पुढे पाहत जाऊन अभ्यास केले, त्यांतही सौम्य संबंध दिसला. पण हे सगळं निरीक्षण आहे. काहींना दूध बंद करून आणि काहींना चालू ठेवून, चिठ्ठी टाकून केलेली तुलना नाही. दूध जास्त पिणारी मुलं आणखी काय वेगळं करत होती, हे त्यातून पूर्ण चाळून काढता येत नाही. आणि ते डेअरीचं गाईचं दूध, आमचं कट्ट्यावरचं म्हशीचं.

दुधावर संशय घेण्यासारखं कारण मात्र आहे. दुधानं रक्तातली साखर फार चढत नाही, पण इन्सुलिन अपेक्षेपेक्षा खूपच जास्त चढतं, जवळजवळ पांढऱ्या ब्रेडइतकं. यात मोठा वाटा दुधातल्या प्रथिनांचा. दूध फाटल्यावर वर जे हिरवट पाणी राहतं, त्यातली प्रथिनं वाळवून जिमची व्हे पावडर बनते. व्हे सुरू केल्यावर मुरुमं उसळली आणि बंद केल्यावर बसली, अशा रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी छापल्या आहेत. त्या नोंदी पाच-पाच जणांच्या, पण माझ्या भावाच्या पाठीकडे बघून मला त्या खऱ्या वाटायच्या. तो रोज दोन स्कूप घ्यायचा आणि पांढरा टी-शर्ट घालायचं त्यानं सोडलं होतं.

मला दूधच दोषी हवं होतं, हे मान्य करते. साखर सोडणं कठीण होतं, दूध मला तसंही आवडत नाही. दूध दोषी निघालं असतं तर आईसमोर एक कायमचं कारण मिळालं असतं.

जुलैच्या शेवटापासून बारा आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद. तूप चालू ठेवलं, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. खरी अडचण चहाची. दूध बंद करून चहाच सोडला असता तर साखरही आपोआप गेली असती आणि सगळा हिशोब बिघडला असता. म्हणून पाच कप कोरा चहा, प्रत्येकात तेच दोन चमचे. काय चव होती ते विचारू नका. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि रोज दोन चमचे तीळ. अंडी-मटण खाते, त्यामुळे बी-१२ची चिंता नव्हती. शाकाहारी माणसानं मात्र दूध बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. आमच्या शाखेतल्या एकीनं दूध सोडून स्वतःच्या मनानं बी-१२च्या जोरदार गोळ्या चालू केल्या आणि तिचा चेहरा आणखी उठला. बी-१२च्या मोठ्या डोसनं काही जणांना मुरुमं येतात हे डॉक्टरांना ठाऊक आहे, आम्हाला नव्हतं. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, ते चालतं, ही त्या तीन महिन्यांतली माझी सगळ्यात मोठी चैन. गणपतीत पेढ्याचा प्रसाद हातात घेऊन शेजारच्या पोराला द्यायचे. बाराव्या आठवड्यात कोजागरी आली, गच्चीवर मसाला दूध उकळत होतं आणि मी शेंगदाणे चघळत चंद्र बघत होते.

शेवटच्या आठ आठवड्यांची माझी सरासरी आली साडेआठ. साखर कमी केली होती तेव्हापेक्षाही खाली. मी आईला सांगूनही टाकलं.

पण फोटोंचं काम अजून बाकी होतं. जानेवारीतच मी एका मैत्रिणीला विचारून ठेवलं होतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची तिला सवय. भावानं सगळ्या चाळीस रविवारचे फोटो घेतले, त्यांवरच्या तारखा काढल्या, कागदाच्या चिठ्ठ्या उचलून त्यांना वेडेवाकडे क्रमांक दिले आणि कोणता क्रमांक कोणत्या रविवारचा, ती यादी स्वतःकडे ठेवली. कोणता फोटो साखरेचा, कोणता दुधाचा, कोणता काहीच न सोडल्याचा, मैत्रिणीला काही माहीत नव्हतं. तीन संध्याकाळी बसून तिनं सगळे मोजले.

फोटोत बारीक फोड दिसत नाहीत, त्यामुळे तिचे आकडे माझ्यापेक्षा एखाद्यानं कमी येणार हे धरलेलंच होतं. तसंच झालं. पहिले दोन महिने: मी सव्वाबारा, ती अकरा. साखर कमी: मी नऊ, ती आठ. साखर परत: मी अकरा, ती दहा. आणि दूध बंद: मी साडेआठ, ती दहा.

बाकी तिन्ही टप्प्यांत माझ्यापेक्षा कमी मोजणारी बाई नेमकी एकाच टप्प्यात माझ्यापेक्षा जास्त मोजत होती. भावानं यादी दोनदा तपासली. मग आम्ही दुधाच्या टप्प्यातले काही फोटो समोर ठेवून एकेक फोड बघितला, तेव्हा माझी चोरी सापडली. बसत आलेला, फिकट लाल फोड असला की प्रश्न पडतो, हा फोड धरायचा की डाग? जानेवारीत मी अशांना फोड म्हणत होते. सप्टेंबरमध्ये त्यांनाच डाग म्हणून सोडून देत होते. मुद्दाम नाही, देवाशपथ. हात आपोआप तसा चालत होता, कारण मनात निकाल आधीच लागलेला होता.

तिच्या आकड्यांनी बघितलं तर दूध बंद करण्याच्या आधी दहा आणि नंतरही दहा. माझ्या चेहऱ्यावर, माझ्या रोजच्या दीड-दोन पेले म्हशीच्या दुधाचा, मोजता येईल असा परिणाम नाही. एखाद-दुसऱ्या फोडाचा असेलही, पण आठ ते सतरा झुलणाऱ्या आकड्यांत तेवढा फरक पकडायची ताकद माझ्या प्रयोगात नव्हती. साखरेचा परिणाम तिच्याही मोजणीत टिकला: अकरा, आठ, दहा. हे सगळं घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पूर्ण चाळली आणि म्हणाल्या, अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये मुरुमांच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही कमी साखरेच्या किंवा बिनदुधाच्या आहाराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलंय. "तुम्हाला तीन फोड कमी हवे असतील तर साखर कमी ठेवा, तसंही नुकसान नाही. उरलेल्या आठांसाठी औषध मी बदलते." आणि ॲडापलीनसोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असलेली जेल लिहून दिली. तिचा फरक दोन-अडीच महिन्यांत दिसला आणि तो बघायला मैत्रिणीला बोलवावं लागलं नाही.

भावाचं सांगायचं राहिलं. माझी वही बघून त्यानंही व्हे बंद केली, त्याऐवजी अंडी आणि सोयाबीन. तीन महिन्यांत पाठ बरीच बसली. मी म्हटलं, आता परत सुरू कर आणि बघू चढतात का, त्याशिवाय कळायचं नाही. तो म्हणाला, "तुझं विज्ञान तुझ्याजवळ ठेव, ताई." पांढरा टी-शर्ट घालून गेला. त्याच्या पाठीचा पुरावा त्यामुळे अर्धाच राहिला.

आता माझा चहा दोन कप, अर्धा चमचा, दूध घालून. आईला जाऊन सांगितलं, की दुधाचं काही नव्हतं, मोजणीत माझीच गफलत झाली. तिनं काही न बोलता पेला भरून समोर ठेवला. साय तशीच वर होती.